दीड इंचाचा चेहरा

हिरीबाईनं ओढणीच्या टोकाची गाठ सोडली, आतला मोबाईल काढून काउंटरवर ठेवला आणि रूपाकडे न बघता म्हणाली, "यातला एक फोटू हाये. पाह्य जमते का."

मोबाईलच्या काचेला कोपऱ्यापासून तडा गेला होता. रूपानं फोटो उघडला. आधी नुसता काळोख दिसला. मग त्या काळोखात एक कपाळ, डाव्या भुवईवरचा जुना व्रण, हसायच्या बेतात असलेले ओठ. मागे उसाची काळी भिंत. चेहरा होता, पण शोधावा लागत होता.

"माया पोरगा, फुलचंद," हिरीबाई म्हणाली.

रूपाला ते सांगायची गरज नव्हती. गेल्या हंगामात ऊसतोडीला गेलेल्या टोळीची ट्रॉली उलटली आणि फुलचंद राठोड परत आला नाही, हे मानोऱ्याच्या बाजारात सगळ्यांना माहीत होतं.

"एकच हाये. पोरगा कोनाले फोटू काढूच देत नोता. कॅमेरा पाह्यला का पयून जाये." हिरीबाईनं मोबाईल परत गाठीत बांधायला घेतला, मग थांबली. "त्या मोठ्या फोटूत मले थो दिसन ना?"

"दिसन, मावशी."

"तसं नाई. हाये म्हनून सांगतीन लोकं. मले दिसन का?"

"तुया डोयानं दिसन," रूपा म्हणाली.

हिरीबाई गेली. रूपानं उतरवून घेतलेला तो फोटो बाकीच्या फोटोंच्या फोल्डरमध्ये टाकला. स्वतःच घातलेला नियम मोडून टाकला, पण एका फोटोनं काय होतं, असं तिला वाटलं.

रूपाचं दुकान बसस्थानकाजवळच्या गल्लीत आहे. पाटीवर अजून तिच्या वडिलांचंच नाव आहे, माणिक फोटो. माणिकरावांनी आयुष्यभर पासपोर्ट फोटो काढले. शाळेचे दाखले, बँकेची पुस्तकं, रोजगाराची ओळखपत्रं, सगळ्यांवर त्यांच्या निळ्या पडद्यासमोर बसलेली माणसं आहेत. ते हनुवटी दोन बोटांनी उचलायचे आणि म्हणायचे, "श्वास धर. आता सोडू नको." फोटो काळपट आला की पैसे घेत नसत, फाडून टाकत आणि पुन्हा बसवत. रूपा त्या निळ्या पडद्यामागे अभ्यास करून मोठी झाली. अमरावतीला शिकली, परत आली, आणि वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा कॅमेरा तिच्या हातात आला. लग्नाचं विचारायला आलेल्या पाहुण्यांनाही ती हनुवटी उचलून बसवेल, असं गल्लीत म्हणत. तिला ते ऐकू यायचं. 

हे मोठ्या फोटोचं काम गोपीचंदनं आणलं होतं. गोपीचंद चव्हाण जवळच्याच तांड्यावरचा, आता टोळीचा मुकादम. लहानपणी दरसाल आईबाप ऊस तोडायला गेले की तो आणि तांड्यावरची बाकी पोरं शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहायची. त्या सगळ्यांना रांधून घालायची ती बेबीताई. शेजारच्या गावातून सकाळी पायी यायची, पोरं झोपल्यावर जायची. दोन पिढ्या तिच्या हातच्या भाकरीवर वाढल्या. आता तिचे गुडघे गेले, काम सोडलं. रविवारी तांड्यावर तिचा सत्कार होता.

"आमच्या सगयायचे फोटो, आन् त्यायचीच बेबीताई," गोपीचंद पहिल्या दिवशी म्हणाला होता. "जवयून पाह्यलं त पोरं. दुरून पाह्यलं त थे. होते का तसं?"

"होते. मोझाइक म्हनतात त्याले."

"काय बी म्हन. पन माया फोटो नाकावर टाकजो. लय मारे मले, नाक मोठं हाये तिचं, तिथंच बसतो."

ग्रुपवर संदेश गेला. तो रूपानंच लिहून दिला होता: उजेडातला, सरळ चेहऱ्याचा, पासपोर्टसारखा स्वच्छ फोटो पाठवा. अंधारातले, धुरकट फोटो चालणार नाहीत. तीनेकशे फोटो आले. बहुतेक तर माणिकरावांच्याच निळ्या पडद्यासमोरचे होते. रूपाला त्यात एक गुपचूप आनंद झाला.

मूळ चित्रही माणिकरावांनीच काढलेलं होतं. ओळखपत्रांसाठी वसतिगृहावर गेले असताना सहज टिपलेलं. बेबीताई चुलीपुढे बसलेली, चेहरा किंचित वर, हातात पीठ. मागे धुरानं काळी झालेली भिंत. त्या काळ्या भिंतीमुळेच चेहरा पुढे आला होता.

रूपानं आधी चौकटीचं माप ठरवलं. सहा फूट रुंद, आठ फूट उंच. मग एकेका तुकड्याचं. खरी अडचण तिथं होती. तुकडा दोन इंचाचा केला की प्रत्येक पोराचा चेहरा स्वच्छ दिसायचा, पण रुंदीत जेमतेम छत्तीस तुकडे बसायचे. बेबीताईचा डोळा तीन तुकड्यांत उरकायचा. जवळून तर नाहीच, पण दुरूनही विटा रचल्यासारखं दिसायचं. तुकडा एक इंचाचा केला की बेबीताई पदराच्या चुण्यांसकट उभी राहायची, पण मोठ्या छपाईत एका इंचात नाक कुठलं, डोळा कुठला हे कळत नसे. पोरं म्हणजे नुसते रंगाचे ठिपके होत.

तांड्यावरचं सभागृह तिनं जाऊन पाहिलं होतं. दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत तीस फूट. त्याच्या पलीकडे दार आणि दाराबाहेर उतार. म्हणजे मागे सरकायला तेवढीच जागा. संगणकाच्या पडद्यावर चित्र फूटभर रुंद येत होतं, खऱ्याच्या एक षष्ठांश. मग तीस फुटांचं अंतर दुकानात पाच फुटांवर यायचं. पाच फुटांवर नेमकं माणिकरावांचं बाकडं होतं.

"बाबा, कोन हाये?" दोन इंचाचं चित्र लावून तिनं विचारलं.

"पोरायचा कारखाना."

"आता?" दीड इंचाचं लावलं.

माणिकरावांनी चष्मा काढला. मोतीबिंदूनं सगळ्या कडा वितळत, म्हणून असली गोष्ट त्यांना चष्म्याविना जास्त बरी दिसे. "बेबी हाये. पीठ मऊ मळून राह्यली."

दीड इंच. पासपोर्ट फोटोची रुंदीही साधारण तेवढीच. माणिकराव म्हणायचे, त्याहून लहान फोटोत आई लेकराला ओळखते, साहेब ओळखत नाही. रूपानं दीड इंच पक्का केला. उभे-आडवे मिळून तीन हजारांवर चौकोन झाले. तीनशे फोटोंत तीन हजार जागा भरायच्या म्हणजे प्रत्येकजण बरेचदा येणार. त्याचं कोणाला वाईट वाटणार नव्हतं.

हे गुरुवारी ठरलं. हिरीबाई त्याच दुपारी आली. छापायची फाईल कारंज्याला छपाईवाल्या हरीओमकडे शनिवारी दुपारपर्यंत पोचायला हवी होती. त्याच्याकडे मोठं यंत्र, पण लग्नसराईचं काम. शनिवारनंतर तो कोणाचं ऐकणार नव्हता.

शुक्रवारी सकाळी रूपानं सगळे फोटो प्रोग्रामला दिले. तो मूळ चित्राचे चौकोन करतो, प्रत्येक चौकोनाचा रंग आणि उजेड मोजतो, आणि फोटोंच्या ढिगातून त्याच्या सगळ्यात जवळ जाणारा फोटो उचलून तिथं बसवतो. त्याला नाव माहीत नसतं. कोण जिवंत, कोण नाही, हेही नाही. उजळ जागेला उजळ फोटो, काळ्या जागेला काळा.

चित्र तयार झालं. बाकड्याजवळून सुंदर दिसत होतं. फक्त भिंत विचित्र होती. काळी होती, पण छापील साडीसारखी. एकच नक्षी पुन्हा पुन्हा. रूपा पडद्याजवळ आली आणि तिनं भिंतीचा भाग मोठा केला.

फुलचंद. त्याच्या शेजारी फुलचंद. खाली फुलचंद, वर फुलचंद. काही ठिकाणी आरशातल्यासारखा उलटा, व्रण उजव्या भुवईवर आलेला. तिनं चित्र सरकवलं. केसांत तो होता. भुवयांत तो होता. बेबीताईच्या दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांत तो होता, हसायच्या बेतात.

सगळ्या ढिगात काळा फोटो तो एकटाच होता.

तिचा हात माउसवरून आपोआप उचलला गेला.

"काय झालं?" बाकड्यावरून माणिकराव म्हणाले. "श्वास काहून धरला?"

ती सांगणार तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली आणि गोपीचंद आत आला. हाराची ऑर्डर देऊन आला होता, खुशीत होता. "झाली का बेबीताई? माया नाकाचं काय..." पडद्यावर मोठं केलेलं चित्र तसंच होतं.

त्यानं पाहिलं. जरा वेळ त्याला कळलं नाही. मग कळलं.

"हे काय करून राह्यली रूपाताई?"

"म्या नाई केलं. काये फोटो दुसरे नाईत, म्हनून त्यानं..."

"काढ."

"गोपीभाऊ, आयक त खरं."

"काढ म्हनतो ना! पुरी भित त्याचीच? मी त्या भितीसमोर उभा राहू? माईक हातात घेऊन?" त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "कोनं देल्ला हा फोटो?"

"हिरीमावशीनं."

तो बाकड्याच्या कडेला टेकला. उलटलेल्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर त्याचा होता. त्या रात्री चालवतही तोच होता. पोलिसांनी रस्ता खराब म्हटलं, तांड्यावरच्या पंचांनी नशीब म्हटलं, हिरीबाईनं काहीच म्हटलं नाही. तेव्हापासून गोपीचंद तिच्या झोपडीवरून जात नसे. विहिरीकडे जायचं झालं तरी वळसा घालून जायचा. फुलचंद आणि तो वसतिगृहात एका ताटात जेवलेले. हे रूपाला ठाऊक होतं, तांड्याला ठाऊक होतं, आणि कोणी त्याच्यासमोर बोलत नसे.

"तिले सांग, बसला नाई फोटो. धुरकट हाये म्हन. तूच लिवलं होतं ना, धुरकट चालत नाई?"

"म्या तिले शब्द देल्ला."

"मंग मले नको बलावजो कारेक्रमाले."

"ग्रुप तुया, हॉल तुया, हार तुया. तुले मी कोन बलावनार?"

गोपीचंद बाकड्यावरून उठला नाही. रूपा खुर्चीवर बसली. तिच्यापुढे दोन सोप्या वाटा होत्या आणि दोन्ही तिनं त्याच्यादेखत करून पाहिल्या. फुलचंदचा फोटो एकदाच वापरायचा अशी मर्यादा घातली. प्रोग्राम पुन्हा चालला. आता भिंतीत निळ्या पडद्यासमोरची माणसं आली, त्यांच्यातली त्यातल्या त्यात सावळी. भिंत राखाडी झाली, केस राखाडी, डोळे पाणी पडलेल्या शाईसारखे.

"बाबा, पाहा."

माणिकरावांनी चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. "बेबी कुटी गेली? पुसली का तुनं?"

मग तिनं तुकड्यांवर वरून काळा रंग चढवून पाहिला. प्रोग्राममध्ये तशी सोय असते. थोडा चढवला तर चालून जातो, कोणाला कळत नाही. पण भिंत काळी व्हायची तर तो इतका चढवावा लागला की आतली माणसं काजळी फासल्यासारखी झाली. बेबीताई परत आली, आणि तिच्या मागे शे-दीडशे माणसं अंधारात बुडाली. हिरीबाईला तिचा लेक दिसला असता. दुसऱ्या कोणाला स्वतःचा चेहरा सापडला नसता.

"हे असंच दे," गोपीचंद म्हणाला. "दुरून त बरं दिसते."

"जवय कोनी येनारच नाई का? पह्यले जवयच येतीन. पह्यले आपला फोटो पाह्यतीन, मंग बेबीताई."

 बाहेर मालेगावची जीप भरत होती, पोरगा ओरडत होता, एक सीट, एक सीट. माणिकराव बाकड्यावरून म्हणाले, "काये फोटो मीच फाडले सगये."

"काय म्हनता बाबा?"

"जनमभर. काया आला का फाड. तुले बी तेच शिकोलं." ते डोळे चोळत होते. "पन त्या भितीवर मी फ्लॅश नोता मारला. मारला असता त भितच दिसली असती, बेबी नसती दिसली. तेवढा एक काया ठेवला म्या."

रूपा वडिलांकडे पाहत राहिली. मग ग्रुपवरचा आपलाच संदेश तिनं उघडून वाचला. अंधारातले, धुरकट फोटो चालणार नाहीत. सहा महिने जी माणसं उजाडायच्या आधी उसाच्या फडात उतरतात आणि दिवस मावळल्यावर पाचटाच्या झोपडीवर, कोपीवर, येतात, त्यांना तिनं उजेडातले फोटो मागितले होते. त्यांनी पाठवलेही होते, पडद्यासमोर हनुवटी उचललेले, श्वास धरलेले. बाकीचे फोटो त्यांच्या मोबाईलमध्ये असणारच. त्यांना दाखवायची लाज वाटावी असं तिनंच लिहिलं होतं.

"गोपीभाऊ, ग्रुपवर टाक. फडातले फोटो पाठवा. संध्याकायचे, चुलीपासचे, ट्रॅक्टरच्या लाइटीतले. जेवढा काया तेवढा चांगला. पन चेहरा पाह्यजे."

"लोकं हासतीन. आदी म्हने धुरकट नको, आता म्हने धुरकटच द्या."

"हासू दे."

गोपीचंदनं मोबाईल काढला. बोट पडद्यावर ठेवलं आणि थांबला. फडातले फोटो म्हणजे कोणते, हे त्याला रूपापेक्षा जास्त माहीत होतं. "उद्या दुपारी फाईल द्याची हाये," तो म्हणाला, जणू तेच कारण.

"म्हनून त आता टाक."

त्यानं टाकलं, आणि मोटारसायकल काढून गेला. नाकाबद्दल काही बोलला नाही.

पहिला फोटो आला तो टिंगलीसकट. 'हे घ्या, यात मी कमी आन् भूत जास्त.' मग एकामागून एक येत गेले. शेकोटीच्या उजेडात अर्धा चेहरा असलेली बाई, मांडीवर निजलेलं मूल. कोयता खांद्यावर, मागे जांभळं आभाळ. ट्रॅक्टरच्या दिव्यात डोळे मिचकावणारे दोघं. चूल फुंकताना फुगलेले गाल. रूपा पासपोर्टच्या घरात वाढलेली. हनुवटी न उचललेली इतकी माणसं तिनं एकत्र कधी पाहिली नव्हती. काही फोटो खरंच निरुपयोगी होते, नुसता काळा चौकोन. ते तिनं बाजूला केले. ज्यात माणूस होता त्यांना चौकोनी कापलं, चेहरा मधोमध येईल असं. आणि प्रोग्राममधली उलटवायची सोय बंद केली. व्रण डाव्या भुवईवरच राहायला हवा.

शनिवारी सकाळी दुकान उघडताना तिनं मोबाईल पाहिला. गोपीचंदनं ग्रुपवर नाही, तिला एकटीला पाठवले होते. वर-खाली एक शब्द नाही. सगळे फडातले. टोळीतली माणसं, बैल, पुन्हा माणसं. आणि त्यांत फुलचंद. एका फोटोत तो शेंगदाणे सोलत होता. एकात पाठमोरा वळून कोणाला तरी शिवी देत असावा असा. एकात चुलीच्या जाळापुढे तोंड उघडून हसत होता, सगळे दात दिसत होते, आणि त्याच्या खांद्यावर कोणाचा तरी हात होता. हाताच्या मनगटात गोपीचंदचं कडं होतं; मोबाईल त्याच्या दुसऱ्या हातात असणार.

कॅमेरा पाहून पळणारा पोरगा एकाच माणसासमोर पळाला नव्हता.

रूपानं फोन लावला.

"तुनं पाठोले त्यात फुलचंद हाये."

"हाये."

"टाकू का काढू?"

पलीकडे पंप चालू असल्याचा आवाज येत होता. "तुया प्रोग्रामले विचार."

"त्याले काई समजत नाई. थो पुन्हा भितभर लावन. तुले विचारून राह्यली."

 रूपा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती. हरीओमची वेळ जवळ येत होती.

"हासून राह्यला थो," गोपीचंद म्हणाला. "एकच टाक. एकाच जागी."

"तुयाच हातानं काढला ना? हिरीमावशी विचारीन."

त्यानं फोन ठेवला.

रूपानं काम सुरू केलं. कोणताही फोटो ठरावीक वेळांहून जास्त नको, आणि तोच फोटो पुन्हा येताना मध्ये दहा-बारा घरं तरी गेलेली असावीत, म्हणजे नक्षी उमटणार नाही. वरून रंग अगदी थोडा, पाचवा हिस्सा. भिंत भरत गेली. आता ती एकसारखी काळी नव्हती. तिच्यात जांभळं होतं, जाळाचा तांबूस डाग होता, खऱ्या धुराच्या भिंतीत असतात तसे. बेबीताईचा चेहरा त्या अंधारातून पुढे आला.

"बाबा?"

"हां," माणिकराव म्हणाले. फक्त एवढंच.

शेवटचे दोन तुकडे, दोन्ही फुलचंदचे, तिनं हातानं बसवले. प्रोग्रामवर सोडले तर ते कुठंही जातील, डोक्याच्या वर, कुठल्यातरी कोपऱ्यात, आणि आठ फूट उंच चित्रात हिरीबाई मान वर करून शोधत बसेल. चित्र जमिनीपासून फूटभर वर लागणार होतं. हिरीबाईची उंची रूपाच्या कानापर्यंत होती. तेवढ्या उंचीवर चित्रात काय येतं ते तिनं मोजलं. बेबीताईचा खांदा आणि त्याला लागून भिंत. तिथं अंधार हवाच होता. हिरीबाईनं दिलेला फोटो तिनं तिथं लावला. चार घरं सोडून, पदराच्या काठाच्या सावलीत, जाळापुढचा हसरा. त्याच्यात उजेड जरा जास्त होता. प्रोग्रामनं तो तिथं कधीच निवडला नसता. तिनं बाकड्यावर बसून पाहिलं. पाच फुटांवरून तो उजेड पदराच्या काठासारखाच दिसत होता.

फाईल कारंज्याला गेली. हरीओम फोनवर कुरकुरला, "एवढे बारीक चेहरे फ्लेक्सवर मरते. व्हिनाईलवर काढतो, मशीन सावकाश चालोतो. पन ओरडू नको उशीर झाला त." ती ओरडली नाही. रविवारी सकाळी गुंडाळी जीपच्या टपावर बांधून आली.

सभागृहात चित्र लागलं तेव्हा जे रूपानं सांगितलं होतं तेच झालं. दारात येऊन लोक क्षणभर थबकायचे, "अगं बाई, बेबीताई!" म्हणायचे आणि धावत भिंतीपाशी जायचे. तिथं बेबीताई नाहीशी व्हायची.

"हा पाह्य मी!"

"तू तीन जाग्यावर? मी एकाच?"

"चूल फुकून राह्यली थे कोन? आपली माय हाये का?"

"फोटू काढला कवा मेल्यानं, मले मालूम बी नाई."

बेबीताईला दोघींनी हाताला धरून आणलं. पांढरं लुगडं, नवा चष्मा. तिला सरळ चित्राजवळच नेलं. ती तोंड जवळ नेऊन एकेक चौकोन बघत गेली. "हा संजू. हा लय रडे. ही कोन, लक्ष्मीची पोरगी? हा पाह्य, याले दोन भाकरीवर भाकर पाह्यजे." मग मागे वळून म्हणाली, "पन मी कुटी हाओ? म्हने माया फोटू हाये."

"मांगं ये बेबीताई, मांगं ये!"

"कायले? पोरं त इथं हायेत."

लोक हसले. रूपाला हसू आलं नाही. ती दारापासल्या खांबाशी उभी होती. हिरीबाई आली होती. ती गर्दीच्या कडेनं, कोणाला धक्का न देता, चित्राच्या डाव्या टोकापासून सुरुवात करून बघत चालली होती. एक बोट चित्रापासून वीतभर लांब ठेवून, ओळीवरून फिरवावं तसं फिरवत. रूपानं जाऊन जागा दाखवली असती. पण शब्द 'तुया डोयानं' असा होता.

बोट केसांवरून गेलं. कपाळावरून गेलं. एका बाईनं मध्येच पोरगं कडेवर उचललं आणि हिरीबाई झाकली गेली. बाई सरकली. बोट खांद्यापाशी आलं होतं. ते थांबलं.

 हिरीबाईनं बोट खाली घेतलं, ओढणीला पुसलं आणि पुन्हा वर नेऊन भुवईवर टेकवलं. जरा वेळ तशीच उभी राहिली. रूपा खांबाला टेकणार, तेवढ्यात हिरीबाईची मान किंचित वळली. चार घरं पलीकडे.

"हा कोनं देल्ला?"

आवाज मोठा नव्हता, पण भिंतीपासची माणसं तिच्याकडे वळली.

"हा मी नाई देल्ला. माया मोबाईलमंदी हा नाई." तिनं मागे पाहिलं. रूपा दिसली. "पोरी, हा कुठून आनला?"

 रूपानं दाराकडे पाहिलं नाही, पण बाकीच्यांनी पाहिलं. गोपीचंद हार घेऊन दारात उभा होता. सकाळपासून तो तिथंच होता. माईक लावला, खुर्च्या मांडल्या, सगळं दारापासून. तिथून फक्त बेबीताई दिसते.

"माया मोबाईलमंदला हाये, काकी," तो म्हणाला.

 

"इकडं ये."

तो आला. हार हातातच होता. एकेक पाऊल पुढे येताना त्याच्यासमोरची बेबीताई विरत गेली असणार, आधी डोळे, मग चेहरा, मग नुसती माणसं. तो हिरीबाईपासून हातभर लांब थांबला. चित्राकडे त्यानं पाहिलं नाही.

हिरीबाईनं हसऱ्या फुलचंदच्या खांद्यावरच्या हातावर बोट ठेवलं. मग गोपीचंदच्या मनगटाकडे पाहिलं.

"काय बोलला होता तू? एवढं काहून हासून राह्यला थो?"

गोपीचंदचे ओठ हलले. "म्हनलं... घरी गेल्यावर काकी तुले पाह्यल्यावर म्हनन, वायला रे माया पोरगा." वाळला. एवढं बोलून त्यानं हार दुसऱ्या हातात घेतला.

हिरीबाईनं मान हलवली, जणू बरोबर बोलला होता. मग ती भिंतीला पाठ लावून खाली जमिनीवर बसली, बरोबर चित्राच्या खाली.

"अजून हायेत का?"

"हायेत."

"मंग बस इथं. दाखव."

गोपीचंदनं हार बेबीताईच्या हातात दिला. तो गळ्यात घालायचा असतो हे विसरून. बेबीताईनं तो धरला. गोपीचंद हिरीबाईच्या शेजारी बसला आणि त्यानं मोबाईल काढला. तिनं पडदा स्वतःकडे ओढून घेतला.

माईकपाशी कोणी नव्हतं, म्हणून सत्कार थांबून राहिला. रूपा खांबापासून हलली नाही. तिथून तिला सगळं चित्र दिसत होतं. बेबीताई, तिच्या हातातलं पीठ, मागची काळी भिंत. आणि भिंतीच्या तळाशी दोन माणसं, एकाच मोबाईलवर वाकलेली, एवढ्या जवळ की त्यांना वरचं काहीच दिसत नसावं.